मायनस नंबरचा चष्मा आणि काजळाची सवय

प्रश्न: माझा नंबर मायनस साडेपाच आहे. मेकअप केला तरी चष्म्याआड डोळे दिसतच नाहीत, उलट तासाभरात काळं पसरतं. पुढच्या महिन्यात निपाणीत भावाचं लग्न आहे, लेन्स मला सोसत नाहीत. काय करू?

बेळगावात शहापूरच्या बाजूला माझं छोटं पार्लर आहे, आणि चष्मा घालूनच लग्नात उभ्या राहणाऱ्या मुली माझ्याकडे बऱ्याच येतात. तुमच्या बाबतीत मी पहिल्यांदा खालच्या पापणीतलं काजळ काढायला लावेन.

कारण सांगते. मायनसची काच डोळा लहान दाखवते. साडेपाच-सहा नंबरला समोरच्याला तुमचा डोळा साधारण सहा-सात टक्के लहान दिसतो. काच डोळ्यापासून जितकी दूर, तितका जास्त लहान. अशा डोळ्याला आतून काळी रेघ मारली की पांढरा भाग झाकला जातो आणि उरलासुरला डोळाही आक्रसतो. आपल्याकडे काजळाशिवाय डोळा सुना वाटतो, हे मला कळतं. खानापूरच्या एका मुलीला, नंबर मायनस सहा, मी काजळ नको म्हटलं तर सोबतच्या मावशी म्हणाल्या, ‘काजळ नको म्हणून कसं होतंय बाई, लग्नाचं घर आहे!’ मी वाद घातला नाही. एका डोळ्याच्या खालच्या कडेला काजळ घातलं, दुसऱ्याला त्वचेच्या रंगाची बेज पेन्सिल फिरवली, चष्मा घालायला लावला आणि चार पावलं मागून मोबाईलवर फोटो काढला. फोटो बघून मावशींनीच काजळ पुसायला सांगितलं.

काळं सगळं वरच्या पापणीला द्या. केसांच्या मुळांत बारीक रेघ, बाहेरच्या एक तृतीयांश भागात थोडी जाड, आणि शेवट किंचित वर उचललेला. शेपूट लांब ओढू नका, ती फ्रेमच्या काडीमागे जाते. खाली पेन्सिल बेज घ्या, पांढरीशुभ्र नको, ती फोटोत चमकते.

आता काळं पसरण्याचं. आधी डाग कुठे पडतो ते बघा. पापणीच्या घडीत रेघ उमटत असेल तर पापणी तेलकट आहे. क्रीम लावल्यावर दहा मिनिटं थांबा, टिश्यूने टिपा, मग कन्सीलरचा अगदी पातळ हात आणि त्यावर पावडर दाबून लावा. घासायची नाही. डाग डोळ्याखाली असेल तर तो बहुधा खालच्या काजळाचा किंवा खालच्या केसांना लावलेल्या मस्काऱ्याचा. दोन्ही सोडून द्या.

आणि काचेच्या आतल्या बाजूला बारीक ठिपके दिसले, तर पापण्यांचे केस काचेला टेकताहेत. चष्मा घालून दहा वेळा पापण्या मिटा, मग काच उजेडात धरून बघा. इथे बऱ्याच जणी दुकानात जाऊन नाकाचे पॅड वाकवून चष्मा पुढे करून घेतात. तुम्ही ते करू नका. काच दूर गेली की डोळा अजून लहान दिसतो, हे वर सांगितलंच. त्याऐवजी लॅश कर्लरने केस मुळाशी वळवा आणि वॉटरप्रूफ मस्कारा मुळांतच लावा, टोकांना जवळजवळ नाही. खोट्या पापण्या अशा चष्म्याखाली मी लावत नाही.

डोळ्याखालची काळसर छाया बऱ्याचदा फ्रेमच्या वरच्या पट्टीची असते. कार्यालयात दिवे डोक्यावर असतात, त्यामुळे ती गडद दिसते. चष्मा घालून दिव्याखाली उभ्या राहा, सावली कुठवर येते ते बोटाने हेरा आणि चष्मा काढून तेवढ्याच जागी, त्वचेपेक्षा अर्धी छटा उजळ कन्सीलर टिपा. निळसर भाग असेल तर त्याखाली फिकट नारिंगी करेक्टर. नाकावर पॅड बसतात तिथे फाउंडेशन जवळजवळ नको. ते पॅडला चिकटतं, चष्मा घसरतो आणि सावलीही जागा सोडते.

चष्म्याशिवाय तुम्हाला साधारण अठरा सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. आरशातलं रूप आरशापेक्षा दुप्पट अंतरावर असतं, म्हणून छोटा आरसा डोळ्यापासून आठ-नऊ सेंटीमीटरवर धरा. रेघ वाकडी जाते ती बहुधा आरसा लांब असतो म्हणून. प्रत्येक टप्पा झाला की चष्मा घालून मागे सरकून बघायचं, जवळून छान दिसलेलं बरंच काही फ्रेम गिळते.

तुमच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या असतील, तर मांडवाबाहेरच्या फोटोंना यातलं काहीच दिसणार नाही. त्यासाठी साध्या काचेचा जुना चष्मा असेल, आणि नंबर तोच असेल, तर तो पिशवीत ठेवा.