कीटोवर क्रिएटिन घेताना ज्यूस लागत नाही

"दोन महिने झाले कीटो करतेय, दिवसाला २५ ग्रॅमच्या आत कार्ब. जिममधले सर म्हणतात, क्रिएटिन ज्यूसबरोबर घेतलं नाही तर स्नायूंत जातच नाही, वाया जातं. मी ते घ्यावं का? कीटोवर फायदा कमी होतो का?"

घ्या, आणि साध्या पाण्यातून घ्या. वाया जात नाही. स्नायू भरायला थोडे जास्त दिवस लागतील, एवढंच.

तुमच्या सरांचं म्हणणं हवेतलं नाही. १९९६ साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी काही पुरुषांना दिवसातून चार वेळा ५-५ ग्रॅम क्रिएटिन दिलं आणि त्यातल्या एका गटाला प्रत्येक डोसनंतर सुमारे ९३ ग्रॅम साखर घातलेलं पेय पाजलं. साखरवाल्या गटाच्या स्नायूंत क्रिएटिन बरंच जास्त साठलं, साधारण ६० टक्क्यांनी. जिममध्ये तेव्हापासून हाच प्रयोग तोंडोतोंडी फिरतो आहे. पण हिशेब करून बघा: ९३ ग्रॅम चार वेळा म्हणजे दिवसाला ३७० ग्रॅम साखर, जवळपास १५०० कॅलरी. एक ग्लास मोसंबी ज्यूस त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ज्यूसने तुमचं कीटो मोडेल आणि प्रयोगातला फायदाही पुरता मिळणार नाही.

साखर खाल्ली की इन्शुलिन वाढतं, म्हणून पुढे १९९८ मध्ये त्याच संशोधकांनी साखर बाजूला ठेवून थेट इन्शुलिन शिरेतून दिलं आणि त्याची पातळी टप्प्याटप्प्याने वाढवली. खालच्या टप्प्यांवर स्नायूंतल्या क्रिएटिनमध्ये काही फरक पडला नाही. इन्शुलिन फार वर गेलं तेव्हाच फरक दिसला. मला तुमच्या प्रश्नासाठी हाच प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. इन्शुलिन हा क्रिएटिनचा दरवाजा नाही. दरवाजा म्हणजे स्नायूपेशीच्या भिंतीवरचं एक प्रथिन, आणि ते सोडियमच्या ओढीवर क्रिएटिन आत घेतं. इन्शुलिन खूप वाढलं की ही ओढ जोर धरते, पण ते कमी असलं म्हणून थांबत नाही.

शिवाय स्नायूंत जागा ठरावीक असते. घाईने भरा की सावकाश, ती भरली की भरली. १९९६ मध्येच हल्टमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सहा दिवस रोज २० ग्रॅम घेतलं किंवा २८ दिवस रोज ३ ग्रॅम घेतलं, तरी शेवटी साठा साधारण सारखाच, सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. ती माणसं कीटोवर नव्हती, हे लक्षात ठेवा. म्हणून मी कीटोवरच्या माणसाला ३ ऐवजी ५ ग्रॅम सांगतो आणि चार आठवड्यांऐवजी पाच-सहा आठवडे धीर धरायला सांगतो. लोडिंगच्या भानगडीत पडू नका. रोज २० ग्रॅम घेऊन पोट बिघडवण्यात काही हशील नाही.

कधी घ्यायचं? व्यायाम झाल्यावर, जेवणाबरोबर. ज्या पायाने व्यायाम केला त्या पायाच्या स्नायूत क्रिएटिन जास्त शिरतं, हे १९९२ पासून माहीत आहे. जेवणात प्रथिनं असली की त्यांनीही थोडं इन्शुलिन वाढतं. पनीर भुर्जी, तीन-चार अंडी, चिकन, जे असेल ते. शाकाहारी असाल तर फायदा बहुधा जास्तच दिसेल. क्रिएटिन मांस-मासळीतून मिळतं, किलोभर मांसात सुमारे ४-५ ग्रॅम, आणि ते न खाणाऱ्यांचा साठा मुळात कमी असतो.

साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या. त्यात कार्ब नसतं. फळांच्या चवीची जी 'मिक्स' पाकिटं मिळतात, त्यांचं लेबल वाचा. डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर परत ठेवा. थंड पाण्यात ही पूड नीट विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी रवाळ थर राहतो आणि आपण तो धुऊन टाकतो. ५ ग्रॅमसाठी मोठा पेलाभर कोमट पाणी घ्या, ढवळा, आणि तळाला राहिलेलं पुन्हा पाणी घालून पिऊन टाका.

आता फायद्याचं. इथे कीटोचा खरा परिणाम दिसतो, पण तो क्रिएटिनच्या शोषणावर नाही. मी स्वतः कीटोच्या पाचव्या आठवड्यात रोज ५ ग्रॅम सुरू केलं. तेव्हा ८० किलोचे स्क्वॉट तीन सेटमध्ये ५, ५, ४ व्हायचे. सहा आठवड्यांनी ६, ६, ५ व्हायला लागले. पण २० रेप्सच्या लांब सेटमध्ये बाराव्या-तेराव्यालाच पाय पूर्वीसारखेच जड व्हायचे. कारण सरळ आहे. क्रिएटिनचा साठा पहिल्या दहा-एक सेकंदांच्या जोराला पुरतो. त्यापुढचा अर्धा-एक मिनिटाचा भार मुख्यतः ग्लायकोजनवर, म्हणजे स्नायूंत साठलेल्या साखरेवर येतो, आणि कीटोवर तेच कमी असतं. क्रिएटिन ती जागा भरून काढत नाही. तुमचा व्यायाम जड वजन आणि कमी रेप्सचा असेल तर फरक जाणवेल. लांब सर्किट असेल तर फार अपेक्षा ठेवू नका.

वजनकाट्याने घाबरू नका, ही माझी मनापासून विनंती. कीटोच्या पहिल्या आठवड्यात ग्लायकोजनबरोबर पाणी गेलं, काटा खाली आला, आनंद झाला. क्रिएटिन पेशीत पाणी ओढतं, आणि काटा एक-दीड किलो वर सरकतो. माझं वजन १.१ किलोने वाढलं होतं, कंबर मात्र इंचभरही हलली नव्हती. ते पाणी होतं, चरबी नाही. सुरू करण्याआधी कमरेचं माप घेऊन ठेवा आणि तेच बघत राहा.

कीटोवर शरीर मीठ जास्त टाकतं. चक्कर, पोटऱ्यांत गोळे आले तर दोष क्रिएटिनला देण्याआधी जेवणातलं मीठ आणि पाणी तपासा. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र मीठ वाढवण्याआधी आणि कीटो चालू ठेवण्याआधीही डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनही त्यांना विचारूनच.

आणि रक्ततपासणी. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे बघायला रक्तात क्रिएटिनिन मोजतात. माझा क्रिएटिनिन १.० वरून १.३ झाला आणि लॅबच्या कागदावर तो आकडा ठळक छापून आला. दोन रात्री झोप लागली नाही. क्रिएटिनिन हा क्रिएटिनचाच उरलेला भाग आहे, त्यामुळे मूत्रपिंड धड असूनही तो थोडा चढतो. त्यात भर म्हणजे क्रिएटिनिन मोजण्याच्या जुन्या जॅफे पद्धतीत कीटोन वाढलेले असले तर आकडा खोटा वर दिसू शकतो. माझ्या डॉक्टरांनी सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाचीच दुसरी रक्ततपासणी करायला सांगितली, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही, आणि ती नॉर्मल आली. तुम्ही सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन करून आकडा लिहून ठेवा, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना क्रिएटिन आणि कीटो दोन्ही चालू असल्याचं आधीच सांगा.