आरसा, टिकली आणि मॅग्पाय

प्रश्न: होटगी रोडला आमच्या दारात बाइक उभी असते. तिच्या आरशाशी एक नर चिरक रोज भांडतो. हत्ती, मॅग्पाय आणि चिंपांझी आरशात स्वतःला ओळखतात म्हणे. मग चिरकाला स्वतःची जाणीवच नाही असं समजायचं का? टिकली चिकटवून बघितलं तर कळेल का?

उत्तर: टिकलीचं आधी सांगतो. पक्षी पकडू नका, वन्यजीव कायद्यात ते बसत नाही. आणि पकडून टिकली लावलीच, तरी त्यातून काही कळणार नाही. का कळणार नाही, हे मॅग्पायच्या प्रयोगावरून नीट समजतं.

मॅग्पाय म्हणजे युरोपातला काळा-पांढरा पक्षी, कावळ्याच्या घराण्यातला. आपल्याकडचा टकाचोर त्याच घराण्यातला. 2008 साली जर्मनीत प्रायर, श्वार्त्स आणि ग्युंट्युर्क्युन यांनी माणसांनी वाढवलेल्या पाच मॅग्पायना आधी आरशाची सवय होऊ दिली. मग चोचीखाली, गळ्याच्या काळ्या पिसांवर, लाल किंवा पिवळा गोल स्टिकर लावला. जागा मुद्दाम निवडलेली होती: पक्ष्याला स्वतःचा गळा थेट दिसत नाही, आरशात मात्र दिसतो. आरशात स्टिकर पाहून तो स्वतःचा गळा खरवडू लागला, तर प्रतिमा आपलीच आहे हे त्याला कळलं असं मानायचं.

आता समजा पक्षी स्टिकर खरवडायला लागला. त्याने तो आरशात पाहिला, की पिसांना चिकटल्यामुळे खुपला? नुसतं बघून हे ठरवता येत नाही. म्हणून त्याच आकाराचा काळा स्टिकरही लावला. काळ्या पिसांत तो दिसत नाही, पण खुपायचा असेल तर रंगीत स्टिकरइतकाच खुपेल. शिवाय दोन्ही स्टिकर आरशासमोर आणि आरशाच्या जागी प्रतिमा न दाखवणारी फळी ठेवून, असे दोन्ही प्रकारे तपासले. रंगीत स्टिकर आणि आरसा एकत्र असतानाच पक्षी गळ्याकडे वळला, तरच दाव्याला अर्थ. पाचांपैकी गेर्टी आणि गोल्डी यांच्या बाबतीत ते सर्वांत स्पष्ट दिसलं. तुमच्या टिकलीच्या प्रयोगात नेमकी ही तुलनाच नसेल, आणि दारात मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्यावर ती करताही येत नाही.

एवढं करूनही शंका संपली नाही. स्पेनच्या सोलेर आणि सहकाऱ्यांनी आधी जॅकडॉ या छोट्या कावळ्यांवर काम केलं. ते पक्षी आरसा नसतानाही स्टिकर काढत होते, म्हणजे तो त्यांना स्पर्शानेच कळत होता. 2020 मध्ये याच मंडळींनी मॅग्पायचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आत्मओळखीचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे ‘मॅग्पाय स्वतःला ओळखतात’ हे वाक्य सरसकट लिहिणं मला घाईचं वाटतं.

चिंपांझींवर गॅलप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 मध्ये हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. आरशाची दहा दिवस सवय करून दिल्यावर त्यांना बेशुद्ध केलं आणि वाळल्यावर जाणवणार नाही असा लाल रंग भुवईवर आणि कानावर लावला. जाग आल्यावर आधी आरशाविना किती वेळा हात तिथे जातो ते मोजलं, मग आरसा दिला. हात जाण्याचं प्रमाण एकदम वाढलं. माकडांत तसं झालं नाही.

हत्तींची गोष्ट अपयशाबद्दल सावध करते. 1989 च्या प्रयोगात पोविनेली या संशोधकाला हत्तींमध्ये काही सापडलं नाही, पण तिथला आरसा लहान होता आणि हत्तींच्या आवाक्याबाहेर. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात प्लॉटनिक, द वाल आणि रीस यांनी सोंडेने चाचपता येईल असा सुमारे अडीच मीटर लांब-रुंद आरसा उभारला. डोक्याच्या एका बाजूला पांढरी फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला तसाच, पण न दिसणारा रंग लावला. काळ्या स्टिकरचंच हे दुसरं रूप. तीन हत्तिणींपैकी हॅपी हिने दिसणारी फुली पुन्हा पुन्हा सोंडेने चाचपली. मॅक्सीन आणि पॅटी यांनी ते केलं नाही, तरी आरशासमोर त्यांचं वागणंही अनोळखी हत्तीशी वागावं तसं नव्हतं. मॅक्सीनने सोंडेने स्वतःचा कान आरशाकडे ओढला. अंगावर रोज चिखल-माती उडवणाऱ्या प्राण्याला एका फुलीचं काय पडलंय, हा प्रश्न इथे रास्त आहे.

म्हणून काटेकोर प्रयोगात पास झालेल्या प्राण्याबद्दल एवढंच म्हणता येतं की आरशातलं हलणारं अंग आपलंच आहे, ही जुळणी त्याला करता आली. ‘मी कोण’ असा विचार तो करतो, हे त्यातून निघत नाही. नापास झाला तर त्याहून कमी कळतं: त्याला डागाची पर्वा नसेल, किंवा गोरिलासारखं नजरेला नजर देणं त्याला धमकी वाटत असेल. तीट लावायची सवय असलेलं आपलं बाळही गालावरच्या नव्या काळ्या ठिपक्याकडे दुर्लक्ष करू शकेल.

तुमच्या चिरकाचं वागणं मात्र सरळ आहे. त्याला आपल्या हद्दीत दुसरा नर दिसतो. यावरून तो आरशातल्या प्रतिमेला पक्षी समजतोय इतकंच म्हणता येतं, त्याला स्वतःची जाणीव आहे की नाही हे नाही. गाडी उभी केली की दोन्ही आरशांवर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा. एकच झाकलात तर तो दुसऱ्याकडे जाईल. विणीच्या हंगामात अशी भांडणं तासन्‌तास चालतात आणि पक्ष्याची ताकद फुकट जाते.