शेंबूड उताराकडे वाहत नाही

प्रश्न: सायनसचं ड्रेनेज परीक्षेसाठी कसं लक्षात ठेवायचं? आणि ऑस्टियोमिएटल कॉम्प्लेक्समध्ये जरासा अडथळा आला तर एवढा सायनसायटिस का होतो?

पहिला भाग लवकर उरकतो. फ्रंटल, मॅक्सिलरी आणि पुढचे एथमॉइड मिडल मिएटसमध्ये उघडतात. मागचे एथमॉइड सुपीरियर मिएटसमध्ये आणि स्फिनॉइड त्याच्याही वर-मागे. इन्फीरियर मिएटसमध्ये कुठलाच सायनस उघडत नाही, तिथे फक्त अश्रूंची नळी येते. हे पाठ करा. दुसऱ्या भागावर मात्र मला लिहायलाच हवं, कारण याच मुद्द्यावरून १९९४ साली मी भर ओपीडीत बोलणी खाल्ली होती.

मी तेव्हा ईएनटीचा रेसिडेंट होतो. जत तालुक्यातून एक प्राथमिक शिक्षक यायचे. उजवा गाल जड, खाली वाकलं की ठणका, आणि रोज सकाळी घशात पिवळा कफ. त्यांचे तीन वेळा अँट्रल वॉश झाले होते. दर वेळी पू निघायचा, दोन-तीन आठवडे बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. शेवटी आमच्या युनिट हेडनी त्यांना इन्फीरियर मिएटसमधून सायनसमध्ये कायमची खिडकी करून दिली. विचार सरळ होता: सायनसचं नैसर्गिक तोंड वर, छताजवळ आहे, मग पू साचणारच. तळाशी भोक पाडा, आपोआप वाहून जाईल.

सहा महिन्यांनी गुरुजी परत आले. तक्रार तीच. सर म्हणाले, "खिडकी बुजली असणार." विभागात नुकताच एंडोस्कोप आला होता, मी तो घालून पाहिला. खिडकी बुजलेली नव्हती, करंगळीचं टोक जाईल एवढी उघडी होती. मग तिरक्या नजरेची दुर्बीण त्या खिडकीतूनच आत सरकवली. तळावरून दोऱ्यासारखी एक पिवळट धार निघत होती. ती खिडकीच्या काठापर्यंत आली, काठाला वळसा घालून बाजूने पुढे गेली आणि भिंतीवरून वर चढत नैसर्गिक तोंडाकडे निघाली. मी दहा मिनिटं पाहत होतो. खिडकीतून एक थेंबही खाली आला नाही.

मी सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "पाणी उताराकडेच जातं." मी म्हणालो, "सर, पण हे पाणी नाही." त्यावर विद्यार्थ्यांसमोर त्यांनी मला गप्प केलं. पुस्तक पुढे करायची माझी हिंमत झाली नाही. खरं तर ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचे मेसरक्लिंगर यांनी हे सगळं तेव्हाच कधीचं दाखवून ठेवलं होतं.

सायनसच्या अस्तरावर सिलिया असतात आणि त्यांच्यावर म्यूकसची पातळ चादर असते. सिलिया ती चादर सतत ढकलत असतात, आणि ढकलण्याची दिशा ठरलेली असते: नैसर्गिक तोंडाकडे. तुम्ही उभे असा, झोपलेले असा, दुसरीकडे भोक पाडलेलं असो, दिशा बदलत नाही. तोंड वर का आहे, तेही गर्भातच ठरतं. मॅक्सिलरी सायनस मिडल मिएटसमधून निघालेला छोटासा फुगवटा म्हणून सुरू होतो. पुढे दात येतात तशी ही खोली खाली खाली वाढत जाते आणि मोठेपणी तिचा तळ नाकाच्या तळाच्याही खाली जातो. दार मात्र जिथे सुरुवात झाली तिथेच राहतं.

हे दार थेट नाकात उघडत नाही. ते इन्फंडिबुलम नावाच्या बोळात उघडतं. एका बाजूला अन्सिनेट प्रोसेस, म्हणजे कोयत्यासारखं वळलेलं पातळ हाड, मागे बुला एथमॉइडॅलिस, आणि मध्ये उरते ती फट. तुमच्या प्रश्नातला ऑस्टियोमिएटल कॉम्प्लेक्स म्हणजे हाच सगळा भाग. पंधरा मिलिलिटरच्या आसपासच्या खोलीचा सगळा निचरा या फटीतून होतो. समजा एखाद्याची फट तीन मिलिमीटर आहे. सर्दीत दोन्हीकडचं अस्तर एकेक मिलिमीटर सुजलं, तर उरला एकच. अजून अर्धा-अर्धा मिलिमीटर सूज आली की दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या. हीच सूज नाकाच्या मोठ्या पोकळीत आली असती तर नाक जरा चोंदल्यासारखं वाटलं असतं, एवढंच. भिंती चिकटल्या की दोन्हीकडचे सिलिया अडकतात आणि चादर तिथेच थांबते.

पुढचं सगळं बंद दाराआड होतं. आतल्या हवेतला ऑक्सिजन अस्तर शोषून घेतं, नवी हवा येत नाही, दाब कमी होतो आणि गाल दुखतो. अस्तरातून पाणी पाझरतं. ऑक्सिजन कमी म्हणून सिलिया मंदावतात, स्राव दाट होतो, आणि एरवी वाहून गेले असते ते जंतू तिथेच वाढतात. त्याने अस्तर आणखी सुजतं, फट आणखी घट्ट होते. म्हणून खोलीभर पू दिसला तरी मूळ बिघाड बाहेरच्या फटीत शोधायचा.

गुरुजींच्या सीटीत तेच होतं. कोरोनल कटमध्ये उजव्या मिडल टर्बिनेटच्या आत हवेचा मोठा फुगा दिसत होता, कॉन्का बुलोसा. त्याने अन्सिनेटला बाहेर रेटून इन्फंडिबुलम जवळपास बंद केलं होतं. पुण्यातल्या एका सर्जननी फुग्याची बाहेरची भिंत आणि अन्सिनेट काढलं, नैसर्गिक तोंड मोकळं केलं. सायनसचं जाड झालेलं अस्तर खरवडलं नाही. दोन-तीन महिन्यांत ते आपणहून पूर्ववत झालं आणि सकाळचा कफ थांबला. खालची खिडकी तशीच उघडी होती, तिचा उपयोग ना आधी झाला होता ना नंतर.

तेव्हा व्हायव्हात कोणी विचारलं की तळाशी भोक पाडलं तर का चालत नाही, तर गप्प बसू नका. "सिलिया म्यूकस नैसर्गिक ऑस्टियमकडेच नेतात" हे स्पष्ट सांगा. समोर कोणीही बसलेलं असो.

आता हेही लिहायला हवं. कॉन्का बुलोसा असलेल्या पुष्कळ लोकांना आयुष्यात सायनसायटिस होत नाही, त्यामुळे सीटीत फुगा दिसला की ऑपरेशन असं समीकरण मांडू नका. सर्दीतला सायनसायटिस बहुतेक वेळा व्हायरल असतो आणि दहाएक दिवसांत ओसरतो. पॉलिपवाल्या आजारात मूळ दोष अस्तराच्या सुजेत असतो, नुसती फट मोकळी करून भागत नाही. एकाच बाजूचा आणि घाण वासाचा पू असेल तर आधी वरच्या दाढा तपासा, मग बुरशीचा गोळा किंवा गाठ नाही ना ते पाहा. डोळा सुजला किंवा दोन-दोन दिसू लागलं तर त्याच दिवशी रुग्णालयात. आणि ज्यांचे सिलिया जन्मतःच काम करत नाहीत, त्यांना तळाची खिडकी खरंच उपयोगी पडते. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं.

डिसेक्शन हॉलमध्ये अर्धं कापलेलं डोकं मिळालं की मिडल टर्बिनेट वर उचला. बुलाच्या पुढे चंद्रकोरीसारखी फट दिसेल, त्यात बारीक प्रोब पुढून मागे फिरवा. तो कुठे अडकतो ते बोटांना कळेल.