चौदा प्रोजेक्ट आणि एकही फोन नाही

*"सर, मी सोलापूरचा. बी.कॉम. झालंय, कोडिंग यूट्यूबवर बघून शिकलो. गिटहबवर चौदा प्रोजेक्ट आहेत: टू-डू लिस्ट, हवामानाचं अ‍ॅप, कॅल्क्युलेटर, एका शॉपिंग साइटची नक्कल वगैरे. कधीपासून अर्ज करतोय, कुठूनच फोन नाही. घरचे म्हणतात, वडिलांसोबत चटणी-भाकरीच्या धंद्यात बस. पोर्टफोलिओत अजून काय घालू? की पुण्याला जाऊन क्लास लावू?"*

लहान शहरांतून, स्वतःच शिकलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. या मुलाला पाठवलेलं उत्तर, त्याची ओळख पटेल तेवढा भाग गाळून, इथे देतो आहे.

मित्रा,

तुझे सगळे रेपो उघडून पाहिले. कोड वाईट नाही. अडचण अशी की त्यात तुझा स्वतःचा असा निर्णय कुठेच सापडत नाही. टू-डू लिस्टमध्ये काय असावं हे व्हिडिओ करणाऱ्यानं ठरवलं, तू ते नीट टाइप केलंस. अर्ज चाळणाऱ्या माणसानं तेच प्रोजेक्ट, बऱ्याचदा त्याच रंगात, आदल्या पाच अर्जांत पाहिलेले असतात. स्वतःच एक परीक्षा घेऊन बघ. कोणतीही फाइल उघड आणि विचार, "हे असंच का केलं?" उत्तर "व्हिडिओत तसं होतं" एवढंच येत असेल, तर तो प्रोजेक्ट सरावासाठी चांगला होता, दाखवायच्या कामाचा नाही.

म्हणून आधी काढायचं काय ते बघ. गिटहबच्या प्रोफाइलवर सहा रेपो वर लावता येतात, पण सहाही जागा भरल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलेलं नाही. एक पुरतो, जर तो कुणाच्या तरी रोजच्या कामात वापरला जात असेल.

अशा एका प्रोजेक्टची गोष्ट सविस्तर सांगतो. माझ्याकडे येणारी एक मुलगी, आपल्याच सोलापूरच्या पूर्व भागातली. तिच्या मामांचा टॉवेलचा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. कामगारांना नगावर मजुरी, हिशेब आठवड्याला, मधल्या उचली वहीत लिहिलेल्या. पगाराच्या दिवशी मामा कॅल्क्युलेटर घेऊन बसत, आणि दर वेळी कुणाचं ना कुणाचं "माझे नग कमी धरले" हे ठरलेलं. तिनं हाच हिशेब करणारं वेब अ‍ॅप लिहायचं ठरवलं. मी तिला एकच अट घातली होती: पहिला आठवडाभर कोडला हात लावायचा नाही, फक्त वही वाचायची आणि पगाराच्या वेळी शेजारी बसायचं.

बसल्यावर कळलं की वहीत दिसतं त्यापेक्षा काम अवघड आहे. पाळीच्या मध्येच कामगार बदलतो, एकाच मागाचे नग दोघांत वाटायचे असतात. डागी नगाची मजुरी काही वेळा कापतात, काही वेळा सोडून देतात, आणि ते मामांच्या मर्जीवर असतं. आठवड्याची उचल पगारापेक्षा जास्त झाली तर उरलेली पुढच्या आठवड्यात ओढतात. यातलं काहीही कुठल्या व्हिडिओत मिळालं नसतं.

तिची पहिली आवृत्ती सगळ्यांची असते तशीच होती. मालाच्या तक्त्यात दर, उत्पादनाच्या तक्त्यात नग, दोन्हींचा गुणाकार म्हणजे मजुरी. काही दिवस छान चाललं. मग दर वाढला.

समजायला सोपे आकडे घेऊ. एका कामगारानं सोमवार ते बुधवार 180 नग विणले, तेव्हा दर 6 रुपये 50 पैसे. गुरुवारपासून दर 7 रुपये झाला, आणि शनिवारपर्यंत त्यानं आणखी 170 नग विणले. बरोबर मजुरी 1170 अधिक 1190, म्हणजे 2360 रुपये. उचल 500 वजा जाता हातात 1860. पण तिनं दराच्या रकान्यात 6.50 खोडून 7 लिहिलं होतं, त्यामुळे अ‍ॅपनं साडेतीनशेही नगांना 7 लावले आणि 2450 दाखवले. नव्वद रुपये जास्त. त्याहून वाईट म्हणजे मागच्या महिन्यांचे, वाटप होऊन गेलेले पगारही पडद्यावर बदलले. वही आणि अ‍ॅप जुळेना. मामांनी अ‍ॅप बाजूला ठेवून पुन्हा वही काढली.

हा तिच्या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा दिवस होता असं मी मानतो. दर ही एकच संख्या नाही, दराला तारीख असते, हे तिला तिथं उमगलं. तिनं दरांचा वेगळा तक्ता केला. जुना दर खोडायचा नाही, नवीन ओळ घालायची आणि तो कधीपासून लागू ते लिहायचं. कोणत्याही दिवसाचा दर हवा असेल तर त्या तारखेपर्यंतचा शेवटचा दर शोधायचा:

```sql
SELECT rate_paise
FROM rates
WHERE item_id = 3
  AND effective_from <= '2024-06-12'
ORDER BY effective_from DESC
LIMIT 1;
```

रकान्याचं नाव `rate_paise` का, तेही बघून ठेव. दशांशातले बरेच आकडे कॉम्प्युटर नेहमीच्या पद्धतीनं आतून नेमके साठवू शकत नाही. जावास्क्रिप्टमध्ये `0.1 + 0.2` लिहून बघ, `0.30000000000000004` येईल. शेकडो नोंदींच्या बेरजेत असा कण कुठे तरी गोळा होतो आणि पगाराची पावती एका पैशानं चुकते. म्हणून 6 रुपये 50 पैसे हे 650 असे पूर्णांकात ठेवायचे आणि रुपये फक्त दाखवताना करायचे.

पावतीवरून आणखी एक भानगड झाली. तिला मराठीत पीडीएफ हवी होती. लायब्ररी लावली, फॉन्ट घातला, तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जायची आणि जोडाक्षरं तुटायची. देवनागरीत अक्षरं एकमेकांना जोडून बसवावी लागतात आणि बऱ्याच पीडीएफ लायब्रऱ्या ते काम करतच नाहीत. ब्राउझर मात्र ते नीट करतो. तिनं पावती साध्या वेब पानावर मांडली आणि ब्राउझरमधूनच छापली. मजा म्हणजे त्याच वाटेनं तेलुगू पावतीही निघाली. आपल्या मागांवर तेलुगू बोलणारे किती आहेत ते तुला मी सांगायला नको.

आता हे दाखवायचं कसं. इथं मुलं घाई करतात. README मध्ये "हा प्रोजेक्ट रिअ‍ॅक्ट आणि नोडमध्ये केला आहे" एवढं लिहून मोकळी होतात. तिच्या README मध्ये सुरुवातीला वहीच्या पानाचा फोटो होता, नावं झाकलेला, आणि त्याखाली पगाराच्या पावतीचा. मग दरवाढीचा किस्सा, तक्ते का बदलले ते. शेवटी "हे अजून जमत नाही" असा एक परिच्छेद: दर मागच्या तारखेपासून वाढवला तर काय? जुन्या तारखेची ओळ घातली की वाटप झालेले आठवडे पुन्हा हलणार. तिनं तूर्त वाटप झालेल्या आठवड्याला कुलूप लावलं होतं आणि फरकाची रक्कम वेगळी नोंद म्हणून हातानं घालायची सोय ठेवली होती.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत तिची मुलाखत झाली, तेव्हा समोरच्या माणसानं नेमका तोच परिच्छेद पकडला. बराच वेळ मागल्या तारखेच्या दरवाढीवरच बोलणं चाललं. ती बोलू शकली, कारण ते तिनं मामांसमोर बसून सोसलेलं होतं. नोकरी तिथंच लागली.

दोन गोष्टींत फार जपायचं. पहिली, खरा डेटा. कामगारांची नावं, उचली, पगार गिटहबवर जाता कामा नयेत. डेमोसाठी खोट्या नावांचा डेटा बनव. डेटाबेसचा पासवर्ड `.env` फाइलमध्ये ठेव आणि ती फाइल `.gitignore` मध्ये घाल. एकदा चुकून पासवर्ड वर गेलाच, तर पुढच्या कमिटमध्ये तो खोडून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात तो तसाच दिसतो. आधी पासवर्ड बदल, इतिहास नंतर साफ कर.

दुसरी, चालू लिंक. फुकट होस्टिंगवर काही वेळ कुणी आलं नाही की सर्व्हर झोपतो, आणि पहिल्यांदा उघडताना मिनिटभर कोरं पान दिसू शकतं. तेवढा वेळ कोण थांबतं? म्हणून वापराची एक छोटी चित्रफीत README मध्येच टाक आणि लिंकखाली "उघडायला थोडा वेळ लागेल" असं सरळ लिही.

पोर्टफोलिओनं सगळी दारं उघडत नाहीत हेही ऐक. मोठ्या कंपन्यांच्या भरतीत आधी पदवी, टक्के आणि अ‍ॅप्टिट्यूडची चाळणी लागते. बी.कॉम.वाल्याचा गिटहब तिथं उघडलाही जात नाही, त्यामुळे तिथून फोन येत नाही म्हणून प्रोजेक्ट वाढवत बसू नकोस. दहा-वीस माणसांच्या कंपन्या शोध, जिथं अर्ज एखादा अनुभवी डेव्हलपर स्वतः वाचतो. त्याला प्रोफाइलची लिंक पाठवू नकोस, एकाच प्रोजेक्टची पाठव. सोबत तीन ओळी: कुणाची कोणती अडचण होती, सगळ्यात अवघड काय गेलं, आता कोण वापरतं.

क्लासचे पैसे आत्ता घालवू नकोस. तुला कोड लिहिता येतो, क्लासात पुन्हा तेच चौदा प्रोजेक्ट करून घेतील. मुलाखत आली की पुण्याला जायला हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

आणि विषय शोधायला फार लांब जायची गरज नाही. तू प्रश्नात वडिलांच्या धंद्याचा उल्लेख टाळायची गोष्ट असल्यासारखा केलास, मला तर प्रोजेक्ट तिथंच दिसला. कडक भाकरी आणि शेंगा चटणी तुम्ही दुकानांना घालता ना? मग न खपलेला माल परत येतो का? आला तर त्याचे पैसे त्याच दिवशी वजा होतात की पुढच्या बिलात? मोडलेल्या भाकरीचं पाकीट कुणाच्या खात्यावर? शेंगदाण्याचा भाव वाढला की चटणीचा दर सगळ्या दुकानांना एकाच दिवशी वाढतो, की जुन्या गिऱ्हाइकाला थोडे दिवस जुनाच दर राहतो? तसं असेल तर दराला तारखेबरोबर दुकानही जोडावं लागेल, आणि वरची क्वेरी तुला जशीच्या तशी चालणार नाही.

हे प्रश्न वडिलांना विचार, वही मांडून. मुलाखत घेतल्यासारखं नको, माल भरता भरता विचार. उत्तरं मराठीत कागदावर लिही आणि आठ दिवसांनी त्या कागदाचा फोटो मला पाठव. कोड त्यानंतर बघू.