काळ्या मृदेचं उत्तर: दोन आणि पाच गुणांसाठी

प्रश्न: काळ्या मृदेचं उत्तर दीड पान होते. दोन अन् पाच गुणांसाठी छोटं कसं करू? मुद्दे सुटतात.

उत्तर: आधी चार शब्द अधोरेखित कर: बेसाल्ट, विदारण, ओलावा, भेगा. दोन गुणांना एवढंच लिही: ‘बेसाल्ट खडकाच्या विदारणातून काळी मृदा तयार होते. ती ओलावा धरून ठेवते आणि सुकल्यावर तिला भेगा पडतात.’

पाच गुणांना हीच वाक्यं ठेव, फक्त कारणं जोड. चिकणमातीचे कण फार बारीक, म्हणून ओलावा टिकतो आणि कापूस चांगला येतो. सुकताना ही माती आकसते, म्हणून भेगा पडतात. आपल्या वावरातल्या उन्हाळी भेगांचं उदाहरण इथंच दे, दोन गुणांत नको. ‘विदारण’ऐवजी ‘झीज’ लिहू नको; अर्थ बदलतो.