जीएसटी आणि पीएफचा जोड-वेबिनार: दोन भाषणं नकोत, एकच वही उघडा

प्रश्न: मी सोलापुरात जीएसटीची कामं करतो. ओळखीच्या एक मॅडम पीएफ-ईएसआय बघतात. दोघांनी मिळून वेबिनार घ्यायचं चाललंय. पण माझे लोक त्यांच्याकडं आणि त्यांचे माझ्याकडं येणार कसे? नाहीतर आपापलेच लोक ऐकून जातील. कुणी केलंय का असं?

उत्तर:

केलंय, मीपण जीएसटीतलाच आहे आणि माझ्यासोबतच्या मॅडमपण पीएफवाल्याच, त्यामुळं तुमचं चित्र लगेच डोळ्यासमोर आलं. सगळ्यात आधी विषय ठरवा, पोस्टर, लिंक, झूम हे नंतर. बहुतेक जण "जीएसटी व पीएफ : संपूर्ण माहिती" असं काहीतरी ठेवतात, पहिला अर्धा तास एक बोलणार, दुसरा अर्धा तास दुसरा, आणि मग होतं असं की तुमचं झालं की तुमचे लोक बाहेर पडतात आणि त्यांचे लोक तेव्हाच आत येतात. एकाच मांडवात दोन वेगळी लग्नं लावल्यासारखं.

विषय असा पाहिजे की एका मालकाच्या वहीतली एकच नोंद दोघांना बघावी लागेल. आपल्या सोलापुरात तो आयता आहे, बाहेर दिलेली शिलाई. युनिफॉर्मवाले कटिंग कारखान्यात करतात आणि शिलाई बाहेर घरोघरी किंवा छोट्या युनिटला देतात. वहीत ते "लेबर चार्जेस" किंवा "जॉबवर्क" म्हणून पडतं. त्या एका ओळीकडं तुम्ही एका नजरेनं बघता आणि मॅडम अगदी वेगळ्या, आणि मालकाला हे दोन्ही एकत्र कुणी सांगितलेलंच नसतं.

आम्ही जी केस घेतली ती इथं देतो, आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा एक युनिफॉर्मवाला आहे, कारखान्यात पगारावर 14 माणसं. शिलाई बाहेर तीन ठिकाणी, तिथं मिळून 9 जण. कापड, धागा, बटणं सगळं मालकाचं, पीसवर पैसे.

जीएसटीच्या बाजूनं ही सरळ गोष्ट आहे. माल चलनावर जातो, जाताना टॅक्स नाही, पण एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून टॅक्स आणि वर व्याज. शिवणाऱ्याची उलाढाल वर्षाला 20 लाखाच्या आत असेल तर त्याला नंबर घ्यायची गरज नाही. मालकानं आयटीसी-04 भरायचा, उलाढाल 5 कोटीच्या वर असेल तर सहामाही, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरचा 25 ऑक्टोबरपर्यंत, नाहीतर वर्षातून एकदा. इथपर्यंत मालक मान डोलावतो, कारण चलनं आपण त्याला नीट करायला लावलेली असतात.

आता मॅडम तेच चलन स्क्रीनवर उघडतात आणि विचारतात, हे 9 जण कुणाचे? पीएफ लागतो 20 माणसांवर आणि त्यात कंत्राटदारामार्फत लावलेले लोकपण मोजले जातात. 14 ला पीएफ नाही म्हणून मालक निवांत असतो, 14 आणि 9 म्हणजे 23. लगेच चॅटमध्ये "पण ते तर घरी बसून शिवतात" असं येतंच. इथं मॅडम विडीचं उदाहरण देतात, सोलापुरात ते वेगळं समजवावं लागत नाही. घरी बसून विड्या वळणारे कामगारसुद्धा पीएफमध्ये येतात असा सुप्रीम कोर्टाचा 1985 चा निकाल आहे, आणि त्यात एक मुद्दा हा होता की खराब विडी नाकारायचा हक्क मालकाकडं होता, म्हणजे कामावर ताबा त्याचाच. युनिफॉर्ममध्ये आपण काय करतो? शिलाई वाकडी आली की पीस परत. हे ऐकलं की मालक सरळ होऊन बसतात.

याचा अर्थ प्रत्येक जॉबवर्कवाला तुमचा कामगार होतो असं अजिबात नाही आणि मॅडमनी हे तिथंच स्पष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धे लोक घाबरून चलनंच बंद करतात. ज्याचं स्वतःचं युनिट आहे, स्वतःच्या मशीन आहेत, जो चार जणांचं काम घेतो, बिल देतो, त्याची गोष्ट वेगळी. जो फक्त तुमचंच शिवतो त्याची वेगळी. शिवाय 1985 चा निकाल जुन्या पीएफ कायद्यावरचा, 21 नोव्हेंबर 2025 पासून सोशल सिक्युरिटी कोड लागू झालाय, तेव्हा आज नेमकं काय हे त्यांनीच सांगायचं. तुम्ही पीएफवर एक अक्षर बोलू नका, येत असलं तरी. त्यांनीपण आयटीसी-04 वर बोलू नये. कोण कशाचा माणूस हे लोकांना तिथंच कळतं, आणि तुमच्या माणसाला मॅडमची गरज तुम्ही न सांगता समजते. "आमच्या मॅडम फार हुशार" म्हणून ओळख करून देण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

म्हणून तासाभराचा कार्यक्रम अर्धा-अर्धा वाटू नका. एकच चलन, एकच लेजर स्क्रीनवर, पाच-सात मिनिटं तुम्ही, मग तुम्हीच मॅडमना प्रश्न टाकायचा, मग त्या तुम्हाला. निदान वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा. भाषेचं पण बघा, आपल्याकडं मालक लोकांत घरी तेलुगू बोलणारे भरपूर, कानडीवाले पण, तेव्हा पुस्तकी मराठी नको, दुकानात बोलतो तसं बोला, मधेच हिंदी आली तरी चालतंय.

तारीख हा लोक सगळ्यात हलक्यात घेतात तो भाग. तुमच्या तारखा 11 आणि 20, जीएसटीआर-1 आणि 3बी. मॅडमची तारीख 15, पीएफ आणि ईएसआय दोन्ही. त्यामुळं 21 च्या आधी घेतलं तर दोघांपैकी एकाचं लक्ष पोर्टलवर असणार, आणि ज्या अकाउंटंटला तुम्ही बोलवताय तोपण तिथंच अडकलेला. 22 ते 28 मध्ये घ्या. मार्च ते जून युनिफॉर्मवाल्यांना हातच लावू नका, शाळा उघडायच्या आधी त्यांना जेवायला वेळ नसतो. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत नको, कोजागिरीला लोक तुळजापूरला चालत निघतात तेव्हापण नको. या विषयाला सप्टेंबरचा शेवट बरा पडतो, आयटीसी-04 ची तारीख समोर दिसत असते, फक्त त्या वर्षी नवरात्र कधी बसतंय ते बघून घ्या. वेळ रात्री साडेआठनंतरची, शटर ओढल्यावर.

आता लोक इकडून तिकडं कसे जाणार ते. एक करू नका, एकमेकांना याद्या देऊ नका. तुमच्या क्लायंटचा नंबर त्यांनी दिलेला नसताना मॅडमच्या फोनवरून मेसेज गेला की पहिला फोन तुम्हालाच येतो, "माझा नंबर कुणाला विकला?" आणि 2023 चा डेटा प्रोटेक्शन कायदा आहे तो आहेच. फॉर्म एकच ठेवा, पण खाली दोन वेगळे टिक द्या, जीएसटीचे अपडेट पाहिजेत आणि पीएफचे अपडेट पाहिजेत, आधीपासून टिक केलेलं ठेवू नका. ज्यानं जे टिक केलं तेवढंच त्याला. दोन लिंका करा, एक तुम्ही पाठवायची, एक मॅडमनी. गूगल फॉर्ममध्ये Get pre-filled link म्हणून आहे, "कुणाकडून कळलं" या प्रश्नाचं उत्तर आधीच भरून दोन लिंका बनतात, पुढं शीटमध्ये कोण कुठून आला ते दिसतं.

व्हॉट्सॅपची एक गोम लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज फक्त ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. मॅडमच्या माणसानं टिक केलं, तुम्ही त्याला लिस्टमध्ये टाकलं, तरी त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर नसेल तर काही जाणार नाही आणि तुम्हाला कळणारपण नाही. म्हणून आम्ही चलनाचा नमुना आणि पीएफची माणसं मोजायचा कोरा तक्ता सरसकट ग्रुपवर टाकत नाही. चलन पाहिजे त्यानं मला "चलन" असा मेसेज करायचा, तक्ता पाहिजे त्यानं मॅडमना. मेसेज त्यानं केला की तो नंबर सेव्ह करतो, निदान चॅट तरी सापडतं.

झूमबद्दल थोडकंच. फुकटच्या अकाउंटवर 40 मिनिटात मीटिंग बंद पडते आणि हा विषय 40 मिनिटात मावत नाही, तेव्हा एका महिन्याचा प्लॅन घ्या, पैसे निम्मे-निम्मे. सुरू झाल्या झाल्या मॅडमना को-होस्ट करा, लाइट गेली किंवा नेट गेलं तर मीटिंग त्यांच्या हातात राहते. को-होस्टला मीटिंग सुरू करता येत नाही एवढं ध्यानात ठेवा, वेळेवर तुम्हीच यायचं.

झाल्यावर झूमच्या रिपोर्टमध्ये कोण कधी आला, कधी गेला ते मिळतं. तो तुमच्या शीटला लावून बघा. मॅडमच्या लिंकवरून आलेले लोक तुम्ही बोलताना टिकले का, आणि त्यांच्यातल्या कुणी तुम्हाला प्रश्न विचारला का. एकूण हजेरी कितीही असू दे, हे दोन नसेल तर विषय जोडलेला नव्हता, पुढच्या वेळी दुसरी नोंद शोधा.

आणि पैशाचं आधीच बोलून घ्या, चहा पिताना नको, मेसेजवर लिहून. आमचं साधं आहे, जीएसटीचं काम आलं तर माझं, पीएफचं आलं तर त्यांचं, कमिशन कुणी कुणाला देत नाही. तुम्ही स्वतः थोडंफार पीएफ करत असाल तर ते आत्ताच मॅडमना सांगा, नंतर कळलं तर संबंध बिघडतात. कुणी सीए किंवा वकील सोबत घेणार असाल तर पोस्टर आधी त्यांना दाखवा, काम मागणारी जाहिरात करायला त्यांना बंदी असते, त्यामुळं "संपर्क साधा, खास सवलत" असलं काही त्यांच्या नावाखाली छापू नका, विषय, तारीख आणि नावं बास.