पांढऱ्या पेशी 1 लाख 84 हजार आणि औषध फक्त एक गोळी?

माझे यजमान 38 वर्षांचे. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी 1 लाख 84 हजार निघाल्या. त्रास काही नव्हता, फक्त दोन घास खाल्ले की पोट भरायचं. बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह आलं. डॉक्टर म्हणतात, सीएमएल नावाचा ब्लड कॅन्सर आहे, पण रोज एक गोळी घ्या आणि कामावर जा. सलाईन नाही, केमो नाही. आम्हाला धीर द्यायला तर असं सांगत नसतील? – बारामतीहून एक वाचक

नाही ताई, खरंच सांगत आहेत. पण 1995 साली याच रिपोर्टवर मी तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं. तेव्हा हा आजार साधारण चार-पाच वर्षं संथ चालायचा आणि मग एकदम उसळायचा. त्या उसळीनंतर हातात काही महिनेच उरत. हायड्रॉक्सीयुरियानं पेशींचा आकडा खाली यायचा, पण उसळी टळत नसे. इंटरफेरॉनची इंजेक्शनं थोड्यांनाच लागू पडत आणि बाकीच्यांना रोजच्या तापाने बेजार करत. भावाबहिणीची बोन मॅरो जुळली, तरच बरं होण्याची आशा असे, आणि त्या प्रत्यारोपणातच काहीजण दगावत.

जेवताना पोट लवकर भरायचं, ते प्लीहेमुळे. डाव्या बरगडीखालची प्लीहा जादा पेशींनी फुगते आणि जठराला दाबते. पेशी इतक्या का वाढल्या, याचा पहिला धागा 1960 मध्ये फिलाडेल्फियात हाती लागला. पीटर नोवेल यांनी पेशींची काचपट्टी साध्या नळाच्या पाण्यानं धुतली. त्या पाण्यानं पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी दिसू लागली. नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. त्याला शहराचंच नाव पडलं: फिलाडेल्फिया क्रोमोसोम. पुढची बारा-तेरा वर्षं सगळ्यांचा समज होता की त्याचा तुकडा हरवला आहे. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांचे फोटो कापून जेवणाच्या टेबलावर मांडले. आई कागदी बाहुल्या खेळते, असं मुलं चिडवायची. त्या मांडणीतून 1973 मध्ये कळलं की तुकडा हरवलेला नाही. 22 क्रमांकाच्या गुणसूत्राचं शेपूट 9 क्रमांकावर गेलं आहे आणि 9 चं शेपूट 22 वर आलं आहे. अदलाबदल झाली आहे.

या अदलाबदलीत 9 वरचा एबीएल नावाचा जनुक 22 वरच्या बीसीआरला येऊन चिकटतो. एबीएलचं काम पेशीला ‘वाढ’ असा संकेत देण्याचं. एरवी तो गरजेपुरताच चालतो, पण बीसीआरला चिकटल्यावर त्याचा लगाम सुटतो. शेतातल्या पंपाचा ऑटो जाम झाल्यासारखं समजा. वीज आली की पंप सुरू, विहीर भरो की आटो. या पंपाची वीज म्हणजे एटीपी हा पेशीतला इंधनरेणू. इमॅटिनिब ही या आजारावरची गोळी नेमक्या त्या खाचेत जाऊन बसते जिथे एटीपी बसायचा. म्हणजे फ्यूज काढून घेतल्यासारखं. नेहमीची केमो वाढणारी पेशी दिसली की मारते, चांगली-वाईट पाहत नाही. ही गोळी मुख्यतः या एका प्रथिनाला अडवते आणि त्याच्या जिवावर वाढणाऱ्या पेशी मरतात. म्हणून केस जात नाहीत आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

डॉक्टर ब्रायन ड्रकर आणि जीवरसायनशास्त्रज्ञ निकोलस लायडन यांच्या प्रयत्नांतून हे औषध जून 1998 मध्ये पहिल्यांदा रुग्णांना दिलं गेलं. इंटरफेरॉन ज्यांच्यावर चाललं नव्हतं अशांपैकी 54 जणांना रोज 300 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस मिळाला, आणि 53 जणांचं रक्त नॉर्मल झालं. पुढे मोठ्या चाचणीत, ज्यांनी सुरुवातच इमॅटिनिबनं केली त्यांच्यातले सुमारे 83 टक्के दहा वर्षांनी हयात होते. गेलेल्यांतलेही बरेच दुसऱ्याच आजारांनी गेले.

बहुतेक कॅन्सरांत एकाच वेळी कितीतरी जनुकं बिघडलेली असतात, एक फ्यूज काढून भागत नाही. सीएमएल सुरुवातीला एका बिघाडावर उभा असतो, म्हणून एक गोळी पुरते. उसळीच्या टप्प्यात मात्र त्यावर नवे बिघाड चढतात आणि तिथे याच गोळीचं बळ फार टिकत नाही. यजमानांचा टप्पा कोणता, हे ठरवायला सुरुवातीला एकदा बोन मॅरो तपासतात. ती टाळू नका.

मी 29 वर्षांची, तीन वर्षं इमॅटिनिब घेते. आता मूल हवंय. सासूबाई म्हणतात, क्रोमोसोमचा आजार म्हणजे पुढच्या पिढीत उतरणारच. – एक वाचक, कोल्हापूर

उतरत नाही. हा बदल तुमच्या आईवडिलांकडून आलेला नाही. तो तुमच्या बोन मॅरोतल्या एका मूळपेशीत, जन्मानंतर कधीतरी झाला. बीजांडात तो नाही, त्यामुळे बाळाकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. सासूबाईंना एवढंच सांगा.

काळजी गोळीची आहे. गर्भ राहिल्यावर पहिल्या महिन्यांत इमॅटिनिब पोटात गेलं, तर बाळात व्यंग राहू शकतं. म्हणून आधी डॉक्टरांशी वेळ ठरवा. पीसीआर ही तपासणी रक्तात उरलेलं बीसीआर-एबीएल मोजते. तो आकडा बराच काळ खोल उतरलेला असेल, तर गोळी थांबवून, दर महिन्याला पीसीआर पाहत गर्भारपण पार पाडता येतं. गरज पडली तर मधल्या काळात इंटरफेरॉन देता येतं. चुकून आधीच दिवस गेले असतील, तर त्याच दिवशी फोन करा. पुरुष रुग्णांना इमॅटिनिब चालू असताना मूल होऊ देण्यास सहसा हरकत नसते.

माझे पीसीआरचे आकडे: 3 महिन्यांनी 18 टक्के, 6 महिन्यांनी 4.2, वर्षाने 1.6. रक्त पूर्ण नॉर्मल आहे. तरी डॉक्टर नाराज आहेत आणि महागडी नवी गोळी सुचवतात. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून रविवारी आणि एकादशीला घेत नाही. बाकी नियमित आहे. – एक वाचक, नाशिक

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य डॉक्टरांना सांगितलंत का?

रक्त नॉर्मल होणं ही पहिली पायरी, आणि ती लवकर येते. पीसीआर त्याच्या खालचं दाखवतं. आजार लक्षात येतो तेव्हा शरीरात अंदाजे एक लाख कोटी बिघडलेल्या पेशी असतात. आंतरराष्ट्रीय मापावर तीन महिन्यांनी आकडा 10 टक्क्यांपर्यंत, सहाव्या महिन्यात 1 पर्यंत आणि वर्षाने 0.1 पर्यंत यावा, ही अपेक्षा. 0.1 टक्का म्हणजेसुद्धा शंभर कोटी पेशी! वर्षाने 1 च्या वर राहिलेला आकडा उपचार अपुरा पडल्याची खूण मानतात. म्हणजे डॉक्टरांची नाराजी रास्त आहे.

पण उपचार अपुरा पडला की गोळीच पोटात गेली नाही, हे आधी ठरवायला हवं. महिन्यात चार रविवार आणि दोन एकादश्या, म्हणजे तीसपैकी सहा गोळ्या गेल्या. उरलं 80 टक्के. लंडनच्या एका अभ्यासात गोळीच्या डबीच्या झाकणात चिप बसवून ती कधी उघडते, याची नोंद ठेवली होती. 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी जवळपास 94 टक्के रुग्ण सहा वर्षांत 0.1 पर्यंत पोचले. त्याहून कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण 28 टक्के होतं. इमॅटिनिब रक्तातून अर्धं व्हायला सुमारे 18 तास लागतात. एक दिवस गोळी चुकली की फ्यूज परत बसतो आणि पंप सुरू.

मळमळीचा उपाय सोपा आहे. इमॅटिनिब उपाशीपोटी घ्यायचंच नसतं. दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाता ना? तेही जेवणच. आणखी एक, वर्षभरात टीबीची औषधं सुरू झाली आहेत का? त्यातलं रिफाम्पिसिन इमॅटिनिबला यकृतात इतक्या वेगानं संपवतं की रक्तात त्याचा अंशच उरतो. फिट्सच्या काही गोळ्याही तेच करतात. दोन्ही आपल्याकडे सर्रास दिल्या जातात आणि देणाऱ्या डॉक्टरला सीएमएल असल्याचं ठाऊक नसतं.

डॉक्टरांना खरी संख्या सांगा. ते म्युटेशनची तपासणी करतील, कारण कधीकधी खाचेचाच आकार बदलतो आणि गोळी बसत नाही. तो बदल टी315आय असेल, तर डॅसॅटिनिब, निलोटिनिब या ‘नव्या’ गोळ्याही चालत नाहीत, पोनॅटिनिबसारखी वेगळीच लागते. म्युटेशन नसेल, तर गोळी बदलायची की आहे ती नीट घेऊन लवकर पुन्हा मोजायचं, हे ते ठरवतील. त्यांच्यापासून रविवार लपवलात, तर निर्णय चुकीच्या माहितीवर होईल. आणि निलोटिनिब मिळालीच, तर तिचा नियम उलटा: ती दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटीच. जेवणासोबत तिची रक्तातली पातळी धोकादायक वाढते.

मेडिकलवाला दरवेळी वेगळ्या कंपनीची इमॅटिनिब देतो. स्वस्त गोळी तेवढीच चालते का? – एक वाचक, लातूर

चालते. मूळ कंपनीची गोळी भारतात महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपयांना होती, तेव्हा इथल्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळत होती. या औषधाच्या एका स्फटिकरूपावर मूळ कंपनीनं पेटंट मागितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी ते नाकारलं, कारण ज्ञात औषधाचं नवं रूप अधिक गुणकारी असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. त्यानंतर किमती आणखी उतरल्या. मला वाटतं, गोळीच्या शोधाइतकंच या निकालानंही आपल्याकडच्या रुग्णांचं आयुष्य वाढवलं, कारण परवडत नाही म्हणून पाकिटात उरलेली गोळी कोणाला वाचवत नाही.

तरी जमेल तितकं एकाच कंपनीचं घ्या. बदललंच, तर तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढचा पीसीआर चढला तर शोधायला जागा राहील. पीसीआरही एकाच लॅबमध्ये, रिपोर्टवर ‘IS’, म्हणजे आंतरराष्ट्रीय माप, लिहिलेलं असेल अशा ठिकाणी करा. गोळी स्वस्त झाल्यावर लोक आता तपासणीचे पैसे वाचवतात आणि आकडा चढलेला दोन वर्षांनी कळतो.

सात वर्षं गोळी घेतोय. गेले तीन रिपोर्ट, सहा-सहा महिन्यांनी केलेले: 0.006, ‘आढळले नाही’, 0.004. रात्री पायात गोळे येतात, डोळ्यांखाली सूज असते. आता बंद करू का? – एक वाचक, ठाणे

मनाने बंद करू नका, पण प्रश्न योग्य आहे. फ्रान्समध्ये शंभर रुग्णांची गोळी मुद्दाम थांबवून पाहिली होती. या सगळ्यांत दोन वर्षांहून जास्त काळ आजाराचा मागमूस नव्हता. सुमारे 40 जणांमध्ये तो परत आला नाही. इतरांमध्ये बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच आकडा वर आला आणि गोळी सुरू केल्यावर जवळपास सगळ्यांचा परत खाली गेला. म्हणजे हा प्रयोग करता येतो, पण अट अशी की आकडा वर येताना वेळेत दिसला पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला पीसीआर, मग वर्ष होईपर्यंत दोन महिन्यांनी, पुढे तीन महिन्यांनी. आकडा 0.1 ओलांडून गेला, की लगेच गोळी. काहींना गोळी सोडल्यावर काही आठवडे सांधे-स्नायू दुखतात, तो आजार परतल्याचा पुरावा नव्हे.

तुमची पहिली अट, म्हणजे पुरेशी वर्षं गोळी, पूर्ण आहे. दुसरी अट 0.01 च्या खाली सलग किमान दोन वर्षं, आणि तीन असतील तर अधिक चांगलं. तुमचे तीन रिपोर्ट मिळून एकच वर्ष होतं. आणखी दोन वर्षं असेच आले, तर हेच पत्र डॉक्टरांसमोर ठेवा. तोवर पायात गोळे येतात त्यासाठी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. डोळ्यांखालची सूज सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होत असेल, तर ती याच गोळीची आणि निरुपद्रवी. वजन आठवडाभरात दोन-तीन किलोंनी वाढलं किंवा दम लागला, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नका.